दोन्ही गटांचा मीडियन ४, तरीही फरक खरा: लायकर्टची उत्तरं वाचताना

नाशिकमध्ये एमबीए, एमएसडब्ल्यू, नर्सिंग किंवा कृषी विषयातला प्रबंध करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या प्रश्नावलीत 'पूर्णपणे असहमत' ते 'पूर्णपणे सहमत' अशी पाच चौकटींची विधानं असतात. ती कशी बनवायची, गुगल फॉर्म कसा भरून घ्यायचा, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. मला लिहायचंय ते पुढच्या टप्प्याबद्दल. प्री-सबमिशन सेमिनारमध्ये मला विचारलं गेलं, "दोन्ही गटांचा मीडियन ४ आहे, मग तुमची टेस्ट फरक आहे असं कशी म्हणते?" त्याचं उत्तर शोधायला मला फार पायपीट करावी लागली, कारण ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी "टेस्ट बदलून बघ" एवढंच सांगितलं. टेस्ट बदलून बघणं हे उत्तर नाही. कृपा करून तसं करू नका.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. आकडे समजावण्यासाठी मी स्वतः तयार केलेत, कुठल्याही सर्वेक्षणाचे नाहीत. निफाड-दिंडोरी भागातले ८० द्राक्ष बागायतदार आहेत असं समजा. त्यातले ४० जण बागेवर येणाऱ्या व्यापाऱ्याला माल देतात आणि ४० जण शेतकरी उत्पादक कंपनीला. विधान एकच: 'माल दिल्यावर ठरलेल्या मुदतीत पैसे मिळतात.' १ म्हणजे पूर्णपणे असहमत, ५ म्हणजे पूर्णपणे सहमत.

व्यापारी गटात १ म्हणणारे ६, २ म्हणणारे ८, ३ म्हणणारे ५, ४ म्हणणारे १८ आणि ५ म्हणणारे ३. कंपनी गटात याच क्रमाने १, २, ५, १६, १६.

आधी सरासरी काढू. व्यापारी गटाची ३.१०, कंपनी गटाची ४.१०. आता 'व्यापारी गटाची सरासरी ३.१०, म्हणजे हे शेतकरी साधारण तटस्थ आहेत' असं वाक्य प्रबंधात लिहिलंत, तर ते साफ चुकीचं ठरेल. ४० पैकी तटस्थ फक्त ५ जण आहेत. १४ जणांना पैसे वेळेवर मिळत नाहीत आणि २१ जणांना मिळतात. ज्या ठिकाणी जवळजवळ कोणीच उभं नाही, तिथे सरासरी जाऊन बसली आहे. पैसे अडकलेला बागायतदार आणि वेळेवर पैसे मिळालेला बागायतदार यांच्या मधोमध कोणी 'सरासरी बागायतदार' राहत नाही.

मग मीडियन घ्यावा का? 'लायकर्टला सरासरी चालत नाही, मीडियनच वापरा' हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. त्यामागचं कारण खरं आहे. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मापनाच्या पातळ्या मांडल्या, त्यात अशी उत्तरं क्रमवाचक गटात बसतात: ४ हे ३ पेक्षा वर आहे एवढं नक्की, पण ३ ते ४ हे अंतर ४ ते ५ एवढंच आहे याची खात्री नाही. म्हणून क्रमावर चालणारा मीडियन सुरक्षित वाटतो. पण इथे काढून बघा. चाळीस जणांना क्रमाने उभं केलं की विसावा आणि एकविसावा माणूस दोन्ही गटांत ४ वरच आहे. मीडियन दोन्हीकडे ४. एका गटात ३ जण पूर्ण समाधानी, दुसऱ्यात १६. एकीकडे १४ नाराज, दुसरीकडे ३. आणि मीडियनला यातलं काहीच दिसत नाही. पाचच पायऱ्या असल्यामुळे मधला माणूस एका पायरीवर अडकून राहतो आणि टोकांना कितीही हालचाल झाली तरी तो हलत नाही.

आता मॅन-व्हिटनी टेस्ट लावू. आर मध्ये एवढंच लागतं:

```r
trader  <- rep(1:5, c(6, 8, 5, 18, 3))
company <- rep(1:5, c(1, 2, 5, 16, 16))
wilcox.test(company, trader, exact = FALSE)
```

पडद्यावर `W = 1169.5` येतं आणि पी व्हॅल्यू साधारण ०.०००२. म्हणजे फरक ठळक आहे. आणि मीडियन तर दोन्ही ४! इथेच लोक घाबरतात आणि डेटा पुन्हा भरायला बसतात. घाबरू नका, तुमचा डेटा ठीक आहे. गोंधळ होतो तो 'मॅन-व्हिटनी ही मीडियनची तुलना करणारी टेस्ट आहे' या वाक्यामुळे. कितीतरी नोट्समध्ये ते तसंच छापलेलं असतं. दोन्ही गटांच्या उत्तरांचा आकार हुबेहूब सारखा असेल आणि एक गट फक्त सरकलेला असेल, तरच ते वाक्य खरं ठरतं. पाच चौकटींच्या उत्तरांत तशी परिस्थिती जवळजवळ कधीच नसते, कारण गट वर सरकला की ५ च्या भिंतीला टेकून त्याचा आकार बदलतो.

टेस्ट खरं काय करते ते हाताने मोजून बघा. मला हे मोजल्यावरच कळलं, म्हणून सविस्तर सांगते. कंपनी गटातला एक आणि व्यापारी गटातला एक बागायतदार घ्या. अशा जोड्या ४० गुणिले ४०, म्हणजे १६०० होतात. प्रत्येक जोडीत कोणाचं उत्तर वरचं आहे ते बघा. व्यापारी गटात १ म्हणणारे ६ जण आहेत. त्यातल्या प्रत्येकापेक्षा कंपनी गटातले ३९ जण वर आहेत, म्हणून २३४ जोड्या. २ म्हणणाऱ्या ८ जणांपेक्षा ३७ जण वर, म्हणून २९६. ३ म्हणणाऱ्या ५ जणांपेक्षा ३२ जण, म्हणजे १६०. ४ म्हणणाऱ्या १८ जणांपेक्षा १६ जण, म्हणजे २८८. ५ च्या वर कोणीच नाही. एकूण ९७८ जोड्यांत कंपनीवाला वर आहे. ३८३ जोड्यांत दोघांचं उत्तर सारखं आहे आणि उरलेल्या २३९ जोड्यांत व्यापारीवाला वर आहे. बरोबरीच्या जोड्या अर्ध्या-अर्ध्या वाटल्या की ९७८ अधिक १९१.५, म्हणजे ११६९.५. आर ने दाखवलेला आकडा तो हाच.

त्याला १६०० ने भागलं की ०.७३ येतं. दोन गटांत काहीच फरक नसता तर हा आकडा ०.५० च्या आसपास आला असता. सेमिनारमधल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे: "टेस्ट मधल्या माणसाकडे बघत नाही, ती सगळ्या जोड्या बघते. बरोबरी अर्धी-अर्धी धरली तर कंपनीचा बागायतदार व्यापाऱ्याच्या बागायतदारापेक्षा वरचं उत्तर देण्याची शक्यता ७३ टक्के आहे." हे वाक्य पाठ करू नका. तुमच्या डेटावर एकदा कागदावर मोजा, मग कोणीही विचारलं तरी सांगता येईल.

एसपीएसएस वापरत असाल तर जुन्या मेनूत यू म्हणून ४३०.५ दिसेल. आकडा चुकलेला नाही, ती दुसऱ्या बाजूची मोजणी आहे, ११६९.५ आणि ४३०.५ यांची बेरीज १६०० होते. तिथे मीन रँकही येतात, साधारण ४९.७ आणि ३१.३. मीडियनच्या जागी ते लिहिले तरी कोणता गट वर आहे ते स्पष्ट होतं.

पैसे घेऊन आउटपुट काढून देणाऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे. ते तक्ता देतात, पण ११६९.५ कुठून आला हे व्हायवामध्ये तुम्हालाच सांगायचं असतं. गाईडला वेळ नसेल तर ज्याने नुकताच प्रबंध दिलाय अशा सीनियरला गाठा. त्याला काय अडलं होतं ते ताजं आठवत असतं.

आता याच डेटावर टी-टेस्ट लावली तर? वेल्च पद्धतीने टी साधारण ३.९७ येतो आणि पी व्हॅल्यू पुन्हा ०.०००२ च्या आसपास. निष्कर्ष तोच. जेफ नॉर्मन यांनी २०१० मध्ये हेच ठामपणे मांडलं होतं की अशा उत्तरांवर टी-टेस्टसारख्या टेस्ट सहसा दगा देत नाहीत. उलट लिडेल आणि क्रुश्के यांनी २०१८ मध्ये दाखवलं की क्रमवाचक उत्तरांना मोजमापाचे आकडे समजलं तर काही वेळा निष्कर्ष उलटाही निघू शकतो. माझं मत विचाराल तर एका सुट्या विधानासाठी मॅन-व्हिटनी घ्या, आणि परीक्षकांनी टी-टेस्टचा आग्रह धरला तर भांडत बसू नका. दोन्ही लावा, आणि निष्कर्ष वेगळे आले तरच थांबून उत्तरांचा आकार तपासा.

एक सुटं विधान आणि अनेक विधानांची बेरीज या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली पद्धत बेरजेची होती. 'विक्रीव्यवस्थेबद्दल समाधान' यावर तुमची सहा विधानं असतील आणि ती खरोखर एकाच गोष्टीबद्दल असतील, तर प्रत्येकाचा एकूण गुण ६ ते ३० मध्ये येतो. तिथे सरासरी, प्रमाण विचलन, टी-टेस्ट हे सगळं वापरायला हरकत नाही. फक्त बेरजेआधी उलट अर्थाची विधानं वळवून घ्या: 'पैशासाठी वारंवार फोन करावे लागतात' याला ५ दिले असतील तर ६ मधून वजा करून १ धरा. हे राहिलं की क्रॉनबाखचा अल्फा खाली पडतो, कधी ऋणही येतो. अल्फा ऋण दिसला की विधान काढून टाकायची घाई करू नका, आधी वळवणं तपासा.

बाकी टेस्टचं फार अवघड नाही. तीन तालुके असतील तर क्रुस्कल-वॉलिस, आणि त्यात फरक दिसला तर जोडीजोडीने डन टेस्ट. तेच बागायतदार हंगामाआधी आणि नंतर विचारले असतील तर मॅन-व्हिटनी चालत नाही, विलकॉक्सन साइन्ड रँक लागते. काय-स्क्वेअर मात्र मी टाळते: तिला १ ते ५ हा क्रम कळतच नाही, रकाने कसेही उलटसुलट लावले तरी ती तोच आकडा देते. शिवाय वरच्या उदाहरणात १ च्या चौकटीत अपेक्षित संख्या गटागणिक ३.५ च येते, ५ पेक्षा कमी.

प्रश्नावलीत वीस सुटी विधानं असतील तर वीस वेळा टेस्ट लावून ज्यात फरक 'आला' तेवढीच विधानं छापू नका. ०.०५ ची मर्यादा धरली तर काहीच फरक नसतानाही वीसात सरासरी एखादं विधान निव्वळ योगायोगाने 'येतं'. कोणती दोन-तीन विधानं मुख्य आहेत ते डेटा गोळा करण्याआधी लिहून ठेवा, गाईडची सही घ्या, आणि प्रकरणात प्रत्येक विधानाखाली आधी १ ते ५ ची संख्या द्या, त्यानंतर टेस्टचा आकडा.