तयार जेवणाचं पाकीट: वाचताना होणाऱ्या या चुका टाळा

दाल माखनी, राजमा किंवा पनीरच्या भाजीचं तयार पाकीट फ्रीजशिवाय वर्षभर टिकतं. ते पाहून बरेच जण म्हणतात, 'एवढं टिकतं म्हणजे भरपूर मीठ नाहीतर रसायन घातलेलं असणार.' ही समजूत चुकीची आहे, आणि बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच होतात.

मिठामुळे टिकतं असं मानणं

लोणचं मिठावर टिकतं, पाकिटातली डाळ उष्णतेवर. आधी पदार्थ पाकिटात भरून तोंड सीलबंद करतात आणि मग अख्खं पाकीट रिटॉर्ट नावाच्या यंत्रात दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. घरच्या कुकरचंच हे मोठं रूप म्हणा. उकळतं पाणी १०० अंशांवर अडतं आणि तेवढ्या उष्णतेत क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहू शकतात. डाळीसारख्या कमी आंबट पदार्थात, हवा नसलेल्या जागी ते वाढले तर जीवघेणं विष तयार करतात. म्हणून पाकिटाच्या अगदी मध्यभागालाही १२१ अंशांवरच्या किमान ३ मिनिटांएवढी उष्णता पोचेल असा हिशेब ठेवतात.

मग कुकरमधली डाळ दुसऱ्या दिवशी का आंबते? झाकण उघडलं की हवेतले, डावावरचे जंतू आत जातात म्हणून. पाकीट तापल्यानंतर उघडलंच जात नाही. त्याच्या थरांमधला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा हवा, ओल आणि उजेड बाहेर ठेवतो. सैन्यासाठी असं अन्न तयार करण्याचं बरंच काम म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेत झालं आहे.

म्हणजे या पाकिटात मीठ असतं ते चवीसाठी. कमी मिठाची डाळही तशीच टिकेल. त्यामुळे दोन कंपन्यांची पाकिटं शेजारी ठेवून कमी सोडियमचं निवडायला अजिबात कचरू नका.

सोडियमचा फक्त १०० ग्रॅमचा आकडा बघणं

समजा ३०० ग्रॅमच्या पाकिटावर '१०० ग्रॅममध्ये सोडियम ४०० मिलिग्रॅम' लिहिलंय. आकडा बरा वाटतो. पण भूक लागलेला माणूस अख्खं पाकीट संपवतो, म्हणजे १२०० मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं: ३ ग्रॅम. प्रौढ माणसाची दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. एका जेवणात ६० टक्के संपलं, आणि सोबतचा पापड नि लोणचं यात धरलेलंच नाही. कधी पाकिटावर टक्के दिलेले असतात, पण ते एका वाढपाचे. त्या एका पाकिटात किती वाढपं धरली आहेत ते शोधा, नाहीतर निम्माच हिशेब होईल.

डाळ जास्त खारट लागली तर पाणी आणि उकडलेला बटाटा घालून दोघांत वाटून घ्या. एकट्यानेच सगळं संपवलं तर मात्र मीठ तेवढंच पोटात जातं. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे विशेष लक्षात ठेवावं. सोबतचा भात बिनमिठाचा असू द्या.

कृती न वाचता गरम करणं

आतला पदार्थ शिजलेलाच असतो, गरम करायचं ते चवीसाठी. बहुतेक पाकिटांवर दोन पद्धती असतात. एक, बंद पाकीट उकळत्या पाण्यात ३ ते ५ मिनिटं ठेवणं. पाणी भरपूर हवं. कोरड्या, तापलेल्या कडेला टेकलं तर प्लॅस्टिक वितळतं. दुसरी, पदार्थ भांड्यात काढून मायक्रोवेव्हमध्ये गरम करणं. पत्र्याचं पाकीट तसंच मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं तर ठिणग्या उडतात. काही पाकिटं बिनपत्र्याची, मायक्रोवेव्हसाठीच केलेली असतात, पण तसं वर स्पष्ट छापलेलं असेल तरच.

'रेडी टू ईट' आणि 'रेडी टू कुक' यांत गल्लत करू नका. दुसऱ्या प्रकारात शिजवणं बाकी असतं. 'फ्रीजमध्ये ठेवा' असं लिहिलेलं पाकीट तर या उष्णतेच्या प्रक्रियेवर टिकणारं नसतंच.

फुगलेलं पाकीट उकळून चालवून घेणं

फुगलं असेल, शिवणीतून तेल पाझरत असेल किंवा घडीवर चीर दिसत असेल तर उघडू नका, चाखूनही बघू नका. सरळ टाकून द्या. १०० अंशांच्या उकळीने बीजाणू मरत नाहीत. खरेदी करताना शिवण बोटाने चाचपून बघा: तिच्यात मसाल्याचा कण अडकला असेल तर सील कच्चं राहतं. उलट, न फुगलेलं पाकीटही बिघडलेलं असू शकतं, कारण काही जिवाणू वायू न करताच पदार्थ आंबवतात. उघडल्यावर वास विचित्र आला तर तोही इशारा समजा.

आणि पाकीट फोडलं की त्याचं टिकणं तिथेच संपतं. उरलेली डाळ लगेच झाकणाच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खळखळून उकळून संपवा.