यूट्यूबने व्हिडिओ काढला? नेमका नियम शोधताना या चुका टाळा

व्हिडिओ काढल्याचा मेल आला की घाबरून त्यातली लिंक दाबू नका. चॅनल ताब्यात घेण्यासाठी असेच हुबेहूब खोटे मेल पाठवले जातात. मेल वाचा, बंद करा आणि ब्राउझरमध्ये studio.youtube.com स्वतः टाइप करून आत जा. डावीकडच्या Content मध्ये त्या व्हिडिओच्या ओळीत Restrictions हा रकाना असतो. तिथल्या शब्दावर माउस नेला की कारण दिसतं, पुढे तपशील उघडता येतो. व्हिडिओच सापडत नसेल तर Shorts आणि Live हे टॅब बघा. एकाच जीमेलवर दोन चॅनल असतील तर खातं बदलूनही पाहा. रकान्यात Copyright लिहिलं असेल तर तो वेगळा विषय. त्याची स्ट्राइकही वेगळी मोजतात.

खरी गडबड होते ती नियमाचं नाव वाचताना. मेलमध्ये जे नाव असतं ते बहुतेकदा मोठ्या धोरणाचं मथळ्यासारखं नाव असतं, आणि लोक तिथेच थांबतात.

समजा, मोबाइल टिप्सचं चॅनल आहे. पैसे भरून वापरायचं एक ॲप फुकटात कसं चालवायचं, हे व्हिडिओत दाखवलंय. मेलमध्ये धोरणाचं नाव येतं Harmful or dangerous content. चॅनलवाला म्हणतो, ‘यात आग नाही, हत्यार नाही, धोकादायक काय आहे?’ आणि तेवढंच अपिलात लिहून मोकळा होतो. ते फेटाळलं जातं, आणि त्याच कारवाईवर पुन्हा अपील करता येत नाही.

त्याने तपशिलातून धोरणाचं पूर्ण पान उघडलं असतं, तर धोकादायक चॅलेंजच्या उदाहरणांबरोबरच पैसे भरायच्या सेवा वा सॉफ्टवेअर फुकटात मिळवायची युक्ती दाखवू नये, हेही सापडलं असतं. म्हणून पानावरची उदाहरणं एकेक करून आपल्या व्हिडिओशी ताडून बघा. नुसती दृश्यं नाही; शीर्षक, थंबनेल आणि वर्णनातल्या लिंकही. व्हिडिओ साधा आणि वर्णनातली लिंक मात्र क्रॅक केलेल्या ॲपची, असं असेल तर कारवाई त्या लिंकमुळेही होऊ शकते.

अपिलाला 90 दिवसांची मुदत असते, तेव्हा त्याच रात्री घाईने लिहायची गरज नाही. जो मुद्दा लागू झालाय असं दिसतं, त्याच मुद्द्यावर बोला: ॲप मोफत आवृत्तीचंच होतं, ते कितव्या मिनिटाला दिसतं, लिंक कुठे जाते.

आणि रागाच्या भरात व्हिडिओ डिलीट करू नका. त्याने स्ट्राइक जात नाही. पहिल्यांदाच झालं असेल तर सहसा नुसती ताकीद मिळते. पण पुढे 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाल्या की चॅनलच जातं, म्हणून तीच लिंक आणखी कुठल्या जुन्या व्हिडिओंच्या वर्णनात आहे, ते लगेच तपासून काढून टाका.