भेटण्याआधीचे दोन व्हिडिओ कॉल: समोरची व्यक्ती खरी आहे का, हे कसं पडताळावं

ऑनलाइन ओळख झाली, आठ-दहा दिवस गप्पा रंगल्या आणि आता भेटायचं ठरतंय. अशा वेळी ‘आधी व्हिडिओ कॉल करून घे’ असं सगळेच सांगतात. पण त्या कॉलमध्ये नेमकं काय बघायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. माझ्या एका मैत्रिणीनं असा कॉल केला होता. चेहरा फोटोतलाच दिसला, त्यानं हसून हातही हलवला आणि तिची खात्री पटली. तो कॉल जेमतेम पन्नास सेकंद चालला होता. चित्र धूसर होतं आणि ‘नेट नीट नाही’ म्हणत त्यानं तो लगेच बंद केला होता.

आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ कॅमेऱ्याच्या जागी लावून देता येतो. बघणाऱ्याला तो थेट कॉलच वाटतो. हल्ली बोलता बोलता स्वतःच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचा चेहरा चढवणारी साधनंही मिळतात. त्यामुळे चेहरा दिसला एवढ्यानं भागत नाही. तुम्ही आत्ता, या क्षणी जे सुचवाल त्याला समोरून उत्तर यायला हवं.

पहिला कॉल छोटा आणि साधा ठेवा. शक्यतो ज्या ॲपवर ओळख झाली त्यातलीच कॉलची सोय वापरा, म्हणजे तुमचा फोन नंबर इतक्यात द्यावा लागणार नाही. कॉलसाठी एखादं वेगळंच ॲप फाइलमधून उतरवून घ्यायला सांगितलं किंवा अनोळखी लिंक पाठवली, तर तिथे जाऊ नका. ‘स्क्रीन शेअर कर’ या मागणीलाही नकार द्या, कारण तुमच्या फोनवर येणारे ओटीपी आणि मेसेज त्यात समोरच्याला दिसू शकतात. तुमच्या पाठीमागे घराचा पत्ता कळेल असं काही नको. कॉल गुपचूप रेकॉर्ड होऊ शकतो हेही धरून चाला. म्हणून कितीही जवळीक वाटली तरी कपडे उतरवण्याची मागणी आली की कॉल तिथेच संपवा. असे व्हिडिओ पुढे धमकी देऊन पैसे उकळायला वापरले जातात.

या कॉलचा एक फोटो मनात नीट ठेवा, किंवा समोरच्याला विचारून स्क्रीनशॉट घ्या. प्रोफाइलवरचे फोटो शांतपणे त्याच्याशी ताडून बघा. ते फोटो इमेज सर्चमध्येही टाकून बघा. दुसऱ्याच नावाच्या खात्यावर तेच फोटो सापडले तर चोरी उघड होते. काहीच सापडलं नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, कारण फोटो उलटा फिरवला किंवा कापला तरी शोध चुकू शकतो.

दुसरा कॉल खऱ्या पडताळणीचा. तो वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी आणि निदान पंधरा-वीस मिनिटांचा हवा. गप्पांच्या ओघात सहज म्हणा, ‘खिडकीजवळ जाऊन बस ना, चेहरा अंधारात दिसतोय.’ माणूस उठतो, फोन हलतो, मागची भिंत सरकते, चेहऱ्यावरचा उजेड बदलतो. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला हे जमत नाही. मान पूर्ण बाजूला वळवायला लावली किंवा चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगितला, तर चढवलेला चेहरा कधी कधी कानापाशी, हनुवटीच्या कडेला किंवा बोटांच्या आसपास विरघळल्यासारखा दिसतो. ओठ आणि आवाज यांचा मेळ बसतोय का तेही बघा. हे सगळं आधी स्वतः करून दाखवा: ‘मी दाखवते माझी खिडकी, मग तू दाखव.’ मग ती उलटतपासणी वाटत नाही.

अर्थात नेट खरंच खराब असलं तर आवाज सगळ्यांचाच मागे पडतो. उलट, चांगलं साधन वापरणारा मान वळवूनही निभावून नेऊ शकतो. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका. अनेक खुणा एकाच बाजूला बोट दाखवतात का, ते पाहा.

प्रश्न असे विचारा की उत्तर तुमच्या प्रश्नात नसेल. ‘तू इंजिनिअर आहेस ना?’ याला कुणीही हो म्हणेल. ‘काल कामावर दिवस कसा गेला? सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?’ असं विचारलं तर काम करणारा माणूस तक्रारीच्या सुरात का होईना, चार बारीक गोष्टी सांगतो. रचलेली गोष्ट मोठमोठ्या शब्दांत अडकते. पाच-सहा दिवसांनी त्याच धाग्याकडे परत या: ‘तुझ्या त्या सहकाऱ्याचं पुढे काय झालं?’ तपशील थोडे मागेपुढे होणारच, आपणही विसरतो. पण बहीण एकदा थोरली आणि एकदा धाकटी झाली, तर थांबून विचारा.

प्रश्न पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींशी जोडले तर आणखी चांगलं. माझी मैत्रीण दुसऱ्या कॉलमध्ये सावध झाली ती यामुळेच. आपण जहाजावर काम करतो आणि आत्ता इथे मध्यरात्र आहे, असं तो सांगत होता. त्याच्या खांद्यामागे मात्र भिंतीवर ऊन पडलेलं होतं. तिनं फक्त एवढंच विचारलं, ‘मागे उजेड कसला?’ तो क्षणभर गप्प झाला आणि मग चिडला. ‘तुझा माझ्यावर विश्वासच नाही,’ म्हणाला. तिनं मान वळवून दाखवायला सांगितलं तेव्हा कॉल तुटला. दोन दिवसांनी मेसेज आला: पगार अडकलाय, थोडे पैसे पाठव. तिनं पाठवले नाहीत, खात्याची तक्रार ॲपकडे केली आणि त्याला ब्लॉक केलं.

व्हिडिओवर यायला संकोच करणारा प्रत्येक जण खोटा नसतो. कुणी लाजतं, कुणाच्या घरात एकांत नसतो. फरक पुढच्या वागण्यात दिसतो. खरा माणूस ‘आज नको, उद्या संध्याकाळी गच्चीवरून करतो’ असं स्वतःहून सुचवतो आणि तसं करतो. दुसऱ्याकडे दर वेळी नवं कारण असतं, आणि आग्रह धरला की तुम्हालाच अपराधी वाटेल असं तो बोलतो. तीनदा ठरवून तीनदा टळलं, तर मी स्वतः भेटीचा विचार सोडून देईन.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. कॉलवर चेहरा खरा ठरला, तरी तो माणूस अविवाहित आहे का, सांगतो तीच नोकरी करतो का, हे त्यातून कळत नाही. खऱ्या चेहऱ्याचा माणूसही पैशांसाठी गोड बोलू शकतो. ‘घरी कधी फोन केला तर चालेल?’ या प्रश्नावर ‘फक्त दुपारी, आणि रविवारी अजिबात नको’ असं उत्तर येत असेल, तर त्यामागचं कारण सरळ विचारा. आणि पैसे, गुंतवणूक किंवा भेटकार्ड यांचा विषय भेटीआधी निघाला, तर आधीचे सगळे कॉल कितीही चांगले झालेले असोत, पैसे पाठवू नका.

भेटीच्या दिवशी निघण्यापूर्वी अर्धा मिनिट पुन्हा व्हिडिओ कॉल करा: ‘मी निघतेय, तू निघालास का?’ भेट वर्दळीच्या जागी ठरवा आणि कुठे, कुणाला, किती वाजता भेटणार हे जवळच्या एका व्यक्तीला कळवून ठेवा. तिथे पोहोचल्यावर लगेच पुढे जाऊ नका, लांबूनच बघा. कॉलवरचा माणूस तो नसेल, तर समोर जाऊन विचारायची गरज नाही. तिथूनच परत फिरा.