भिंतीच्या कडेला येणारी काळी रेघ: माझा अनुभव

अनरीअल इंजिनमध्ये खोली बेक केली, म्हणजे तिच्यावरचा प्रकाश आधीच मोजून लाइटमॅप नावाच्या चित्रात साठवला, की भिंतींच्या कडांवर काळी रेघ यायची आणि बाहेरचं ऊन जमिनीवरून भिंतीच्या आत डोकवायचं. मी दोन्हींना एकच दोष समजत होतो. कारणं वेगळी निघाली.

आधी यूव्हीत, म्हणजे पृष्ठभाग चित्रावर सपाट उलगडून मांडलेल्या नकाशात, एकावर एक आलेले तुकडे सोडवले. टेक्स्चरसाठी दोन भिंती एकाच जागी ठेवल्या होत्या, म्हणून लाइटमॅपसाठी दुसरं यूव्ही चॅनल केलं. तरी रेघ राहिली. मग लक्षात आलं, तुकड्यांमधली फट ज्या रिझोल्यूशनला धरून ठरते ते `Min Lightmap Resolution` 256 होतं आणि बेक मात्र 64 वर. 256 वर दोन टेक्सेलची, म्हणजे लाइटमॅपच्या दोन ठिपक्यांची, फट 64 वर अर्ध्या टेक्सेलची उरते, आणि शेजारचे टेक्सेल मिसळणारं बायलिनियर फिल्टरिंग शेजारच्या तुकड्याचा अंधार ओढून आणतं. तो आकडा 64 केला, यूव्ही पुन्हा तयार करून बेक केलं, रेघ गेली.

ऊन मात्र तसंच होतं. फट वाढवूनही डाग हलत नसेल, तर दोष यूव्हीचा नाही. सलग जमीन भिंतीखालून बाहेर जात होती: 8 मीटर, 64 टेक्सेल, म्हणजे एक टेक्सेल 12.5 सेंमी. भिंत 10 सेंमी. एकाच टेक्सेलमध्ये आत-बाहेर दोन्ही! भिंत 20 सेंमी केल्यावर ऊन थांबलं. भिंत पातळच हवी असेल तर जमीन भिंतीच्या रेषेवर कापून दोन वेगळे यूव्ही तुकडे करावेत. मला तोच मार्ग अधिक भरवशाचा वाटतो.