मीटर शून्यावर आलं आणि बिल नऊ लाखांवर गेलं: या चुका टाळा

लातूरला आमच्या आवारात एक डाळ मिल आणि दोन गाळे भाड्याने दिलेले आहेत. वीजजोडणी एकच, आत तिघांना तीन सबमीटर. दर महिन्याच्या १ तारखेला रीडिंग घ्यायचं, मागचं वजा करायचं, युनिटमागे ठरलेले १० रुपये लावायचे. वर्षानुवर्षं हा हिशेब बिनबोभाट चालला होता.

मग एका फेब्रुवारीत, तुरीचा हंगाम जोरात असताना, मिलच्या मीटरवर 00731 दिसलं. वहीत १ जानेवारीचं रीडिंग होतं 98914. आमचे मुनीमकाका चष्मा पुसत म्हणाले, "मीटर उलटं फिरायलंय का काय?"

उलटं नाही, पुरं फिरलं होतं. पाच चाकांचं मीटर 99999 दाखवतं आणि पुढच्या युनिटला पाचही चाकं एकदम शून्यावर येतात. महिन्याला अठराशे युनिट जाणाऱ्या मिलमध्ये हे साडेचार-पाच वर्षांनी एकदा घडतं. मागच्या वेळी काय केलं होतं हे तोवर कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि गडबड तिथेच होते.

उणे चिन्ह खोडू नका

एक्सेलने 731 मधून 98914 वजा करून -98183 दाखवलं. काकांच्या पुतण्याने उणे चिन्ह काढून टाकलं. ९८,१८३ युनिट, १० रुपयांनी ९ लाख ८१ हजार ८३० रुपये. मिलवाले भले गृहस्थ, हसले फक्त. यावर दुसरा उपाय निघाला तो आणखी वाईट: "नवीन सुरुवात झाली ना, मग ७३१ युनिटच धरा." यात शून्यावर येण्याआधी जळलेली वीज हिशेबातून गायब होते. आकडा दिसायला साधा असल्यामुळे कुणाला संशयही येत नाही, म्हणून मला ही चूक जास्त घातक वाटते.

खरा हिशेब दोन तुकड्यांचा आहे. 98914 पासून शून्यावर येईपर्यंत १,००,००० − ९८,९१४ = १,०८६ युनिट. शून्यापासून पुढे ७३१. एकूण १,८१७.

पहिल्या तुकड्यात बरेच जण १,००,००० ऐवजी ९९,९९९ धरतात, कारण मीटरवर दिसणारा सगळ्यात मोठा आकडा तोच असतो. पण 99999 वरून 00000 वर येताना एक युनिट जळतंच. ते सोडलं की उत्तर १,८१६ येतं. एका युनिटने कुणी बुडत नाही, पण सीटी, म्हणजे मोठा करंट ठरावीक प्रमाणात कमी करून मीटरला देणारा ट्रान्सफॉर्मर, लावलेल्या मीटरवर गोष्ट वेगळी. १००/५ ची सीटी असेल तर मीटरचं एक युनिट म्हणजे खरी २० युनिट. बिलावर 'गुणक अवयव' लिहिलेला असतो तो हाच. तिथे आधी वजाबाकी आणि शेवटी गुणाकार, हा क्रम मोडू नका. 99870 वरून 00045 वर आलं तर १३० + ४५ = १७५, गुणिले २० म्हणजे ३,५०० युनिट. काही जण वहीत रीडिंगच वीसने गुणून लिहितात. मग शून्यावर येण्याची हद्द एक लाखाची राहत नाही, वीस लाखांची होते, आणि हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

एक्सेलमध्ये B मध्ये मागील आणि C मध्ये चालू रीडिंग असेल तर एवढं पुरतं:

```
=MOD(C2-B2,100000)
```

मीटर पुरं फिरलेलं असो वा नसो, दोन्ही वेळी उत्तर बरोबर येतं. शेवटचं लाल चाक दशांशाचं असेल आणि तुम्ही ते टिंब न देता लिहीत असाल, तर 100000 च्या जागी 1000000 घाला आणि आलेल्या उत्तराला १० ने भागा.

सूत्र घातलं की डोळे मिटू नका

आमची पुढची फजिती या सूत्रानेच केली. एका गाळ्याचं मीटर, महिन्याला तीनशे-सव्वातीनशे युनिट. वहीत असं होतं: १ मार्च 23694, १ एप्रिल 24999, १ मे 24309. सूत्राने मे महिन्यात बिनदिक्कत ९९,३१० युनिट काढून दिली.

आता हे मीटर पुरं फिरलं असेल का? आधी मागच्या रीडिंगकडे बघा. 24999 वरून शून्य गाठायला ७५ हजार युनिट लागतात. मीटर महिन्याभरात शून्यावर येणार असेल तर मागचं रीडिंग वरच्या टोकाला टेकलेलं हवं. दुसरी कसोटी भाराची. त्या गाळ्यातल्या मोटारी, दिवे सगळं मिळून ५ किलोवॉट. तीसही दिवस चोवीस तास सगळं चालू ठेवलं तरी ५ × २४ × ३० = ३,६०० युनिट. त्याच्यापुढचा आकडा अशक्यच. म्हणजे एक रीडिंग चुकलेलं होतं. प्रश्न एवढाच, की कोणतं?

मधलं एप्रिलचं रीडिंग झाकून मार्च ते मे बघितलं: २४,३०९ − २३,६९४ = ६१५. दोन महिन्यांचे ६१५, म्हणजे महिन्याला तीनशेच्या आसपास. अगदी रोजचा हिशेब. चूक एप्रिलची. त्या महिन्यात १,३०५ युनिट लागली होती आणि भाडेकरूने मुकाट्याने पैसे भरले होते.

झालं असं की रीडिंग घेताना मीटर नेमकं 23999 वरून 24000 वर जात होतं. अशा वेळी शेवटचं चाक ९ आणि ० च्या मध्ये असतं आणि त्याच्यासोबत डावीकडची नऊवाली चाकं आणि हजाराचं चाकही अर्धवट वर सरकलेलं असतं. पोराने हजाराच्या खिडकीत वर येणारा ४ वाचला आणि बाकीच्यांत जाणारे ९. झालं 24999, सरळ हजाराची चूक. चाक दोन आकड्यांमध्ये अडकलेलं दिसलं की सगळीकडे जाणारा, म्हणजे लहान आकडा घ्यायचा. ९ आणि ० मध्ये असेल तर ९. एकात जुना आणि दुसऱ्यात नवा असं मिसळायचं नाही.

आम्ही त्या गाळेवाल्याला एप्रिलमध्ये जास्त लावलेली १,००० युनिट परत केली आणि मेची ३१० लावली. म्हणजे त्याची ६९० युनिट आमच्याकडे जमा राहिली. एक्सेलमध्ये उणे चिन्हासकट आलं असतं ते -690 हेच होतं. सूत्राने ते झाकून टाकलं.

तेव्हापासून D मध्ये सूत्राचं उत्तर आणि E मध्ये भारावरून काढलेली कमाल युनिट ठेवतो, आणि बिलासाठी हे बघतो:

```
=IF(D2>E2,"मीटर पाहा",D2)
```

मिलसाठी तुलना मागच्या महिन्याशी करण्यापेक्षा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करतो. तूर आवक सुरू झाली की वापर चढतो आणि हंगाम संपला की उतरतो. डिसेंबरशी फेब्रुवारी ताडून बघितला तर उगाच घाबरायला होतं.

हिशेबाने न सुटणाऱ्या गोष्टी

आकडा अचानक खाली आलेला दिसला आणि मीटर क्रमांकही वेगळा असेल, तर मीटर बदललेलं आहे. तिथे हे सूत्र लावायचंच नाही. जुन्याचं शेवटचं रीडिंग वजा वहीतलं मागचं, अधिक नव्याचं चालू वजा नव्याचं सुरुवातीचं, असं जोडायचं. म्हणून मी दर महिन्याला मोबाइलवर फोटो काढतो, क्रमांक आणि सगळ्या खिडक्या एकाच चौकटीत येतील असा.

आणि मीटर दोनदा फिरून आलं असेल तर नुसत्या रीडिंगवरून ते कुणालाच सांगता येत नाही. ५ किलोवॉटच्या गाळ्यात पाच चाकांचं मीटर पुरं फिरायला कमीत कमी २७ महिने लागतील, म्हणून महिन्याच्या रीडिंगला धोका नाही. चार चाकांचं जुनं मीटर मात्र १०,००० वरच फिरतं. भार तोच, पण तीन महिने कुणी बघितलं नाही तर ते एकदा पुरं फिरून मागच्या रीडिंगच्याही पुढे निघून गेलेलं असू शकतं. मग वजाबाकी अगदी सरळ येते, उणे चिन्हसुद्धा दिसत नाही.