वीज गेल्यावर टीव्ही चालू ठेवण्यासाठी इन्व्हर्टर किती क्षमतेचा घ्यावा?

गोव्यात पावसाळ्याच्या पहिल्या वादळी दिवसांत माडाची चुडते आणि फणसाच्या फांद्या वीजवाहिन्यांवर पडतात आणि गावेच्या गावे काही तास अंधारात जातात. याच दिवसांत इन्व्हर्टरच्या दुकानांत गर्दी होते, आणि तेथे बहुतेक ग्राहक एकच प्रश्न विचारतात: सातशेचा घ्यावा की अकराशेचा? टीव्ही किती तास चालेल हे या आकड्यावरून कळत नाही. खोक्यावर छापलेला व्हीएचा आकडा यंत्र एका वेळी किती भार उचलू शकते, एवढेच सांगतो. तो भार किती वेळ उचलला जाईल हे बॅटरी ठरवते, आणि बॅटरीची क्षमता अँपिअर-तासांत, म्हणजे एएचमध्ये, मोजतात. हे दोन आकडे वेगळे ठेवले, तर पुढचा सारा हिशेब घरी कागद-पेन्सिल घेऊन करता येतो.

आधी चित्र कोठून येते ते पाहावे

पैसे खर्च करण्यापूर्वी एक चौकशी करावी. घरात केबल असेल, तर रस्त्याकडेच्या खांबांवर केबलचालकाची सिग्नल वाढवणारी उपकरणे असतात आणि त्यांनाही वीज लागते. गावाची वीज गेल्यावर ती बंद पडत असतील, तर आपला इन्व्हर्टर कितीही मोठा असला, तरी पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढेच दिसेल. ब्रॉडबँडवरून कार्यक्रम पाहणाऱ्यांनी हीच गोष्ट सेवा देणाऱ्याला विचारावी. घरावरची डिश गावच्या विजेवर अवलंबून नसते. मात्र मुसळधार पावसात तिचाही सिग्नल काही काळ जातो आणि त्यावर इन्व्हर्टर हा उपाय नाही. पूर्वी वीज गेली असताना शेजारच्या इन्व्हर्टर असलेल्या घरी चित्र दिसत होते का, हे विचारणे सर्वांत सोपे.

खरा भार मीटरवर मोजावा

टीव्हीच्या मागच्या पट्टीवर लिहिलेले वॅट हे बहुधा त्याची कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात पडद्याचा उजेड आणि आवाज यांनुसार खप बदलतो आणि तो बराच कमी असू शकतो. घरच्या वीजमीटरवर तो मोजता येतो. डिजिटल मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळच `3200 imp/kWh` असे काहीतरी छापलेले असते. याचा अर्थ असा, की एक युनिट वीज खर्च होईपर्यंत तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. आपल्या मीटरवर वेगळा आकडा असल्यास तोच घ्यावा.

फ्रीज, पंप, पंखे, दिवे, चार्जर असे सारे बंद करून फक्त टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि राउटर चालू ठेवावा. पडद्याचा उजेड आणि आवाज रोजच्याइतकाच असावा. दिवा एकदा लुकलुकला, की घड्याळ सुरू करावे आणि त्यानंतरच्या दहाव्या लुकलुकीला थांबवावे.

वाळपईकडच्या एखाद्या घराचे उदाहरण घेऊ. तेथे ४३ इंची टीव्ही आहे आणि त्याच्या पट्टीवर ११० वॅट लिहिले आहे. तिन्ही उपकरणे मिळून दहा लुकलुकींना दोन मिनिटे लागली. दहा भागिले ३२०० म्हणजे युनिटचा ०.००३१२५ इतका अंश, अर्थात ३.१२५ वॅट-तास. दोन मिनिटांत एवढा खप, तर तासाला तीसपट, म्हणजे सुमारे ९४ वॅट. आपण ९५ धरू. एकट्या टीव्हीसाठी छापलेला आकडा ११० होता, तर तिन्ही मिळूनचा खरा भार त्याहून कमी निघाला.

आता एक व्यावहारिक गोष्ट. जूनच्या उकाड्यात पंख्याविना कोणी टीव्हीसमोर बसत नाही आणि संध्याकाळी खोलीत दिवाही लागतो. म्हणून जुन्या पद्धतीच्या छताच्या पंख्याचे ७५ वॅट आणि प्रत्येकी ९ वॅटचे दोन एलईडी दिवे धरावेत. एकूण १८८, म्हणजे सुमारे १९० वॅट. फ्रीज, मिक्सर, इस्त्री यांना या यादीत अजिबात स्थान देऊ नये. ज्या वायरिंगवर इन्व्हर्टर जोडायचा, त्यावर त्यांचे सॉकेट येणार नाहीत, हे वायरमनला आधीच सांगून ठेवावे.

व्हीएचा आकडा

टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्ससारखी उपकरणे जितके वॅट खर्च करतात, त्यापेक्षा जास्त व्हीए मागतात. सावधपणे दीडपट धरले, तर १९० वॅटसाठी सुमारे २८५ व्हीए होतात. यंत्र निम्म्याहून कमी भारावर चालावे हा विचार केला, तरी ७०० व्हीएचा इन्व्हर्टर येथे पुरतो. पुढे आणखी एका खोलीतला पंखा आणि दिवे जोडायचे असतील, तर ९०० व्हीएचा घ्यावा. त्याहून मोठा घेतल्याने टीव्ही जास्त वेळ चालत नाही. उलट मोठे यंत्र स्वतःसाठी थोडी जास्त वीज खाते, आणि बऱ्याच मोठ्या यंत्रांना एकाऐवजी दोन बॅटऱ्या लागतात.

शुद्ध साइन वेव्ह देणारे यंत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्क्वेअर वेव्हवर टीव्ही सहसा चालतो, पण पंखा घरघरतो, काही वेळा स्पीकरमधून गुणगुण येते आणि उपकरणांतल्या वीजपुरवठ्याच्या भागावर ताण पडतो.

तासांचा हिशेब बॅटरीवर

या घराला तीन तास हवे आहेत असे समजू. १९० वॅट गुणिले ३ म्हणजे ५७० वॅट-तास. बॅटरीतील वीज घरच्या दाबात रूपांतरित करताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून यंत्राची कार्यक्षमता ८० टक्के धरून ५७० ला ०.८ ने भागावे. उत्तर सुमारे ७१२ येते. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणून १२ ने भागल्यावर सुमारे ६० एएच मिळतात. एवढी वीज बॅटरीतून प्रत्यक्ष निघेल.

येथे थांबून ६० एएचची बॅटरी आणली, तर ती पहिल्याच पावसाळ्यात दगा देईल. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी केली, की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. शिवाय तिच्यावर छापलेली क्षमता बहुधा वीस तासांत सावकाश रिकामी करण्याच्या हिशेबाने असते. तीच वीज तीन तासांत काढायची झाल्यास ती तितकी देत नाही. म्हणून छापलेल्या क्षमतेच्या ६० टक्क्यांपर्यंतच वापर करायचा असे ठरवावे. ६० भागिले ०.६ म्हणजे १०० एएच. या घराला ७०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १०० एएचची ट्युब्युलर बॅटरी योग्य ठरते. वीज नेहमीच चार-पाच तास जाते अशा आतल्या गावांत १५० एएच घ्यावी.

मोठी बॅटरी घेण्याआधी पंख्याकडे मात्र पाहावे. ७५ वॅटच्या जागी सुमारे ३० वॅटचा बीएलडीसी पंखा बसवला, तर एकूण भार १४३ वॅटवर येतो आणि तीच १०० एएचची बॅटरी तीनऐवजी चार तास पुरते.

बॅटरी निवडताना इन्व्हर्टर तिला किती अँपिअरने चार्ज करतो, हेही माहितीपुस्तिकेत पाहावे. लेड-ॲसिड बॅटरीसाठी तिच्या एएचच्या सुमारे दहावा हिस्सा प्रवाह मानवतो. १०० एएचला दहा अँपिअर ठीक. पन्नास एएचच्या बॅटरीला पंधरा अँपिअर दिले, तर पाणी लवकर आटते आणि ती तापते.

संगणकाचा यूपीएस का पुरत नाही

घरात ६०० व्हीएचा संगणकाचा यूपीएस पडून असतो आणि तोच टीव्हीला लावावा असा विचार अनेकजण करतात. त्याच्या आत बहुधा १२ व्होल्ट, ७ एएचची छोटी बंद बॅटरी असते. कागदावर ती ८४ वॅट-तास होते, पण एवढा भार एकदम टाकल्यावर ती जेमतेम निम्मी वीज देते. पंखा-दिवे सोडून फक्त ९५ वॅटचा भार लावला, तरी पंधरा-वीस मिनिटांत शिट्टी वाजू लागते. सोसायटीचा जनरेटर दोन-तीन मिनिटांत सुरू होत असेल, तर तेवढ्यासाठी तो उत्तम आहे. त्याला बाहेरून मोठी बॅटरी जोडण्याचा प्रयोग कधीही करू नये: त्याचा चार्जर तेवढ्यासाठी फार लहान असतो आणि आतील भाग थोडा वेळच चालण्यासाठी बनवलेले असल्याने तासन्‌तास चालवल्यास तापून जळू शकतात.

मागचे छोटे बटण

अनेक इन्व्हर्टरांच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे बटण असते. ‘यूपीएस’वर ठेवल्यास वीज जाताच यंत्र इतक्या लवकर बॅटरीवर येते, की टीव्ही बंद पडत नाही आणि सेट-टॉप बॉक्स पुन्हा सुरू होण्याची वाट पाहावी लागत नाही. मात्र या स्थितीत ते कमी दाबाची वीज स्वीकारत नाही. दाब साधारण १८० व्होल्टच्या खाली गेला, की बॅटरीवर उडी मारते. वाहिनीच्या टोकाला असलेल्या घरांत संध्याकाळी दाब घसरतो, तेव्हा वीज असूनही बॅटरी खर्च होत राहते आणि खरोखर वीज जाते तेव्हा ती अर्धी रिकामी असते. वीज असताना इन्व्हर्टर वारंवार टकटक करत असेल, तर हेच घडत आहे असे समजावे, बटण ‘नॉर्मल’वर ठेवावे आणि कमी दाबाची तक्रार वीज खात्याकडे करावी.

आकाश कडाडू लागल्यावर इन्व्हर्टरवर विसंबू नये. टीव्हीचा प्लग आणि केबलची किंवा डिशची तार दोन्ही काढून ठेवावीत.

पावसाआधी चाचणी

बॅटरी घरी आल्यावर ती पूर्ण चार्ज होऊ द्यावी. मग मुद्दाम मेनस्विच बंद करून टीव्ही, पंखा आणि दिवे ठरलेले तीन तास चालवावेत. त्यानंतर इन्व्हर्टरही बंद करावा, तासभर काहीही न जोडता थांबावे आणि वायरमनकडून किंवा स्वतः मल्टिमीटरने बॅटरीच्या टोकांवरचा दाब मोजावा. तो १२.१ व्होल्टच्या आसपास असेल, तर हिशेब आणि बॅटरी दोन्ही बरोबर आहेत. तो ११.८ च्या खाली गेला असेल, किंवा तीन तासांआधीच इशारा वाजू लागला असेल, तर एकतर बॅटरी पूर्ण चार्ज झाली नव्हती किंवा तिची क्षमता छापल्यापेक्षा कमी आहे. चाचणी एकदा पुन्हा करावी, आणि निकाल तोच आला, तर मोजलेले आकडे, तारीख आणि बिल घेऊन हमीच्या मुदतीत ती दुकानदाराकडून बदलून घ्यावी.