हातात दुसरी नोकरी नसताना राजीनामा देताय? आधी या चुका टाळा

माझा भाचा बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. नवीन साहेब आल्यापासून सगळ्यांसमोर अपमान, रात्री अकराला फोन आणि सुट्टी मागितली की टोमणे. एका रविवारी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येऊन म्हणाला, "मामा, उद्या राजीनामा टाकतो. सहा लाख आहेत, महिन्याला चाळीस हजार लागतात. पंधरा महिने निघतील."

त्याने नोकरी सोडावी, याबद्दल मला शंका नव्हती. शंका त्या पंधरा महिन्यांची होती, म्हणून आम्ही कागद घेऊन बसलो.

सगळी शिल्लक खर्चायची समजणे

सहा लाखांतले २,६०,००० पीएफमध्ये होते. सलग पाच वर्षांची नोकरी व्हायच्या आत पीएफ काढला तर साधारणपणे त्यावर कर लागतो, आणि नवी नोकरी लागल्यावर तो तिकडे वळवता येतो. म्हणून तो आम्ही हिशेबातून काढलाच. उरले एफडीचे २,८०,००० आणि खात्यातले ६०,०००. त्यातले एक लाख दवाखान्यासाठी बाजूला ठेवले. म्हणजे घर चालवायला राहिले २,४०,०००.

आता खर्च. घरखर्च २२,०००, घराचा हप्ता १४,५०० आणि आईवडिलांची औषधं ३,५००, हे त्याचे चाळीस. मुलीची फी तीन महिन्यांनी भरायची, १२,००० रुपये, ती त्याच्या ध्यानातच नव्हती. शिवाय आयुर्विमा, जूनमधली वह्यापुस्तकं आणि नोकरी सुटल्यावर स्वतः घ्यावा लागणारा आरोग्यविमा मिळून वर्षाचे ८४,०००. बाराने भागले की महिन्याला सात हजार. खरा आकडा ५१,००० निघाला. सूनबाईंचा शाळेतला पगार १५,००० आहे, तो वजा केला तर दरमहा ३६,००० कमी पडणार.

२,४०,००० भागिले ३६,०००, म्हणजे जेमतेम साडेसहा महिने.

पंधरा महिने गृहीत धरणारा माणूस पहिले तीन महिने निवांत काढतो. साडेसहा माहीत असलेला पहिल्या आठवड्यात अर्ज टाकायला लागतो.

तारीख न बघता सोडणे

त्याला तिथे चार वर्षे सात महिने झाले होते. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे सलग सेवा लागते. चार वर्षे २४० दिवस झाले तरी चालतं, असं काही न्यायालयांनी मानलं आहे, पण कारखाना आपणहून देईलच असं नाही. भांडायची तयारी नसेल तर त्यावर विसंबू नका. हिशेब सोपा आहे: मूळ पगार, महागाई भत्ता असेल तर तोही धरून, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षे. त्याचा मूळ पगार ३०,०००, म्हणून पाच वर्षांचे साधारण ८६,५०० होतात.

त्यात त्याचा नोटीस पीरियड दोन महिन्यांचा. उद्याच निघून गेला असता तर नेमणूकपत्राप्रमाणे दोन महिन्यांचा मूळ पगार, ६०,०००, हिशेबातून कापला गेला असता. म्हणजे एका संतापाच्या सोमवारची किंमत जवळजवळ दीड लाख, चार महिन्यांचं घर.

त्याऐवजी असं ठरलं: अजून तीन महिने थांबायचं, मग राजीनामा द्यायचा आणि पूर्ण नोटीस भरायची. शेवटचा दिवस पाच वर्षे पूर्ण झाल्यावर आठवड्याने येईल असा. पीएफचीही पाच वर्षे त्याच सुमारास भरतात. राजीनामा ईमेलने द्यावा, तारखेसह. तोंडी राजीनामा नंतर "न सांगता गेला" असा फिरवला जातो आणि अनुभवपत्र अडतं.

घरी न सांगणे

वडिलांना, म्हणजे दादांना, सांगायची त्याची तयारी नव्हती. मी आग्रह धरला. दादांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "माझ्या इन्सुलिनचं, दवाखान्याचं काय?"

हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. कारखान्याच्या ग्रुप विम्यात आईवडील होते, आणि तो विमा बहुधा शेवटच्या कामाच्या दिवशीच संपतो. नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या मधुमेहासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पण त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज करता येतो, आणि तो मान्य झाला तर ग्रुपमधली वर्षे त्या मुदतीत धरली जातात. कंपनी तब्येत तपासून ठरवते, म्हणून अर्ज ग्रुप विमा चालू असतानाच करायचा. एचआरकडून विम्याचं प्रमाणपत्र नोटीसच्या पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.

काहीही झालं तरी थांबणे

मी त्याला आणखी एक सांगून ठेवलं. झोप उडाली, कारखान्याचं फाटक दिसलं की छातीत धडधडायला लागलं, किंवा जीव नकोसा वाटला, तर पाच वर्षांची तारीख विसरायची. त्याच दिवशी घरी सांगायचं आणि डॉक्टरकडे जायचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आजारपणाची रजा मागता येते, आणि नाहीच जमलं तर ते दीड लाख गेले असं समजायचं. साडेसहा महिन्यांचे पाच झाले तर हप्ता ओढून नेऊ, मी आहे.